क्रूप की एपिग्लॉटायटिस? घशातून आवाज करत आलेल्या बाळाला हात लावण्याआधी

सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. पाटण असो, मेढा, शिराळा, जत किंवा आटपाडी, रात्रीचं चित्र सारखंच असतं. ड्युटीवर तुम्ही आणि एक सिस्टर. भूलतज्ज्ञ नाही, बालरोगतज्ज्ञ फोनवर मिळाले तर मिळाले. आणि आई कडेवर पोर घेऊन आत येते. श्वास आत ओढताना पोराच्या घशातून कर्कश, घासल्यासारखा आवाज येतो आहे. पुस्तकात आपण त्याला स्ट्रायडॉर म्हणून शिकलो.

हा आवाज स्वरयंत्राजवळची वाट अरुंद झाल्याचं सांगतो. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना येते आणि ती छातीतली असते. हा आवाज श्वास घेताना येतो आणि गळ्यातला असतो. पाच वर्षांच्या आतल्या, तापाने आलेल्या मुलात त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे क्रूप. विषाणूंमुळे येणारी ही सूज स्टेरॉइडच्या एका डोसने उतरायला लागते. याच आवाजामागे एपिग्लॉटायटिसही असू शकतो. तो आता विरळ झाला आहे, पण त्या मुलाच्या जिभेवर चमचा दाबून घसा बघायला गेलात तर तिथेच श्वास बंद पडू शकतो. म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, बघण्याचं आहे.

पहिला मिनिट: दारातूनच बघा

मूल आईच्या कडेवरच राहू द्या. टेबलावर झोपवू नका, कपडे काढायला लावू नका, वजनकाट्यावर ठेवू नका. सिस्टरलाही आधीच सांगून ठेवा की घशातून आवाज करणारं मूल आलं तर थर्मामीटर आणि सुई दोन्ही लांब ठेवायच्या. रडलं की मूल जोराने श्वास ओढतं. जोराने ओढलं की आधीच अरुंद झालेली वाट आणखी आत खेचली जाते. शांत असताना कसाबसा पुरणारा श्वास रडल्यावर पुरत नाही.

दोन हात अंतरावर उभे राहून मूल कसं बसलंय ते बघा. तोंड मिटलेलं आहे की उघडं, लाळ गिळतंय की ओघळतेय, खोकतंय का, आवाज निघतोय का, गळ्याच्या खळगीत आणि बरगड्यांखाली कातडी आत ओढली जातेय का, आणि तुमच्याकडे नजर लावून बघतंय का. हे सगळं अर्ध्या मिनिटात दिसतं. तेवढ्यात आईला किंवा आजीला दोनच प्रश्न विचारा. कधीपासून? आणि आधी सर्दी होती का?

खोकला आणि लाळ

दोन्ही आजारांची लांबलचक तुलना पाठ करून परीक्षा सुटते. रात्री दीड वाजता मात्र दोन गोष्टींवर सर्वांत जास्त भरवसा ठेवावा: खोकला आणि लाळ.

क्रूपचं मूल खोकतं. हा खोकला एकदा ऐकला की विसरत नाही. कुत्र्याचं पिलू भुंकावं तसा कोरडा, पोकळ आवाज असतो, आणि घरची माणसं स्वतःच तसं सांगतात. "डॉक्टर, रातीपास्नं पोरगं भुंकल्यागत खोकतंय." आवाज बसलेला, घोगरा असतो. आधी एक-दोन दिवस सर्दी, नाक गळणं, थोडा कणकणीचा ताप झालेला असतो. मूल साधारण सहा महिने ते तीन वर्षांचं असतं, कधी पाच-सहापर्यंतचंही. त्रास संध्याकाळी थोडा आणि मध्यरात्री एकदम वाढलेला असतो. आणि मूल लाळ गिळतं. पाण्याचा घोट दिला तर चिडचिड करत का होईना, पितं.

एपिग्लॉटायटिसचं मूल खोकत नाही. त्याची सूज स्वरयंत्रावरच्या झाकणाला, म्हणजे एपिग्लॉटिसला आलेली असते. गिळताना इतकं दुखतं की ते स्वतःची लाळही गिळत नाही, ती हनुवटीवरून ओघळते. आवाज घोगरा नसतो, दबका आणि कोंडलेला असतो. बोलायचंच टाळतं. ताप जोराचा असतो, आणि सकाळी खेळत असलेलं मूल संध्याकाळी असं झालेलं असतं. सगळं काही तासांत घडतं. वय बहुधा दोन ते सातच्या दरम्यान. बसण्याची पद्धत तर पुष्कळ काही सांगते. दोन्ही हात पुढे टेकून, हनुवटी पुढे काढून, तोंड उघडं ठेवून ते बसतं आणि झोपवायला गेलात तर विरोध करतं. त्या बसण्यानेच ते आपली वाट उघडी ठेवत असतं. त्याला झोपवू नका.

एक सापळा इथे आहे. एपिग्लॉटायटिसमधला स्ट्रायडॉर बऱ्याचदा क्रूपपेक्षा हलका असतो. मूल शांत बसलेलं, फारसा आवाज नाही, म्हणून नवखा डॉक्टर त्याला 'घसा आलाय' म्हणून मागच्या रांगेत बसवतो आणि मोठ्याने भुंकणाऱ्या क्रूपकडे आधी धावतो. आवाज किती मोठा यावर रांग लावू नका. लाळ गाळत गप्प बसलेलं मूल आधी घ्या.

लसीचा प्रश्नही इथेच विचारायचा. एपिग्लॉटायटिसचा मुख्य जंतू हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. त्याविरुद्धची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंटमध्ये आहे आणि ती ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती देशभर पोचली. तिन्ही डोस झालेल्या मुलात हा आजार बराच दुर्मीळ होतो. पण आपल्या भागाचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. दिवाळीनंतर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. कराड, वाळवा, पलूसच्या पट्ट्यात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. गाव सोडून आलेल्या या मुलांचे डोस चुकलेले असण्याची शक्यता जास्त असते, आणि कार्डही गावाकडे राहिलेलं असतं. अशा मुलाची लस 'झाली असेल' असं धरून चालू नका. आणि लस झालेल्या मुलाची लाळ गळत असेल तर लसीवर विसंबून राहू नका. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे जंतूही ही सूज आणू शकतात.

लाळ गळत असेल तर

इथे तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे काही न करणं, आणि तेच नव्या डॉक्टरला जड जातं. घसा बघायचा नाही. सलाइनची सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. मानेचा एक्स-रे काढायला पाठवायचं नाही. एक्स-रेच्या खोलीत श्वास थांबला तर तिथे तुमच्या हाताशी काहीच नसतं. मूल आईच्या मांडीवर, त्याला हवं तसं बसलेलं राहू दे. ऑक्सिजनची नळी आईच्या हातात द्या आणि तोंडापासून थोडी लांब धरायला सांगा. मास्क लावल्याने ते झटापट करत असेल तर मास्क नको.

या मुलाला श्वासनलिकेत नळी घालावी लागते. ती ऑपरेशन थिएटरमध्ये, अनुभवी भूलतज्ज्ञाच्या हातून आणि शेजारी कान-नाक-घसा तज्ज्ञ गळ्याला छिद्र पाडायच्या तयारीत उभे असताना. म्हणून फोन करताना 'जवळचं मोठं हॉस्पिटल' एवढं पुरत नाही. पाटणहून कराड, शिराळ्याहून कराड किंवा मिरज, जत-कवठेमहांकाळहून मिरज, मेढ्याहून सातारा अशी आपली नेहमीची वाट. पण मूल गाडीत घालण्याआधी तिथे विचारा: भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ आत्ता, या घडीला, आहेत का? नसतील तर पुढचं ठिकाण गाठा. दोनदा पाठवापाठवी झाली तर या आजारात वेळ उरत नाही.

१०८ ला फोन करताना डॉक्टर असलेली आणि व्हेंटिलेटरची सोय असलेली गाडी मागा. गाडीत मूल आईच्या मांडीवर बसूनच जाईल. सोबत अंबू बॅग, मुलाच्या मापाचा मास्क, सक्शन आणि श्वासनलिकेच्या नळ्या. वयाप्रमाणे बसणाऱ्या नळीपेक्षा अर्धा आणि एक मिलिमीटर लहान अशा दोन जास्तीच्या ठेवा, कारण सुजलेल्या वाटेतून नेहमीची नळी जात नाही. चार वर्षांच्या मुलाला एरवी ५ नंबरची लागते, तर ४.५ आणि ४ ची जवळ हवी.

वाटेत श्वास थांबलाच, तर आधी बॅग आणि मास्क. दोघांनी मिळून: एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने सावकाश आणि नेहमीपेक्षा जास्त दाबाने हवा भरायची. सुजलेल्या झाकणाच्या कडेनेही अशी हवा बऱ्याचदा आत जाते. घाबरून लगेच नळी घालायच्या मागे लागू नका. हवा अजिबातच जात नसेल तरच नळीचा प्रयत्न, आणि तोही फसला तर गळ्यात सुई घालून वाट करणं. लहान मुलात ते अतिशय अवघड आहे, म्हणून बॅग-मास्क नीट जमणं महत्त्वाचं.

अँटिबायोटिक, म्हणजे सेफ्ट्रिअॅक्सोन, वाट सुरक्षित झाल्यावर. स्टेरॉइडचं काय? एपिग्लॉटायटिसमध्ये स्टेरॉइडने नळी टळते असा पुरावा नाही. ही जंतूंची सूज आहे, तासातासाने वाढणारी. डेक्सा दिलं आहे, बघू तासाभराने, या विचारात मूल हातचं जातं. डेक्साची सुई टोचून रडवणं हा तर दुहेरी तोटा.

भुंकणारा खोकला असेल तर

क्रूपमध्ये सूज स्वरयंत्राच्या लगेच खाली येते. तिथे क्रिकॉइड कूर्चेचं पूर्ण कडं असतं. ते ताणत नाही, त्यामुळे सूज आतल्या बाजूलाच वाढते. गणित करून बघा. तान्ह्या बाळाची ती वाट साधारण चार मिलिमीटर व्यासाची. चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तर व्यास दोन उरतो, क्षेत्रफळ पावपट होतं आणि हवेला होणारा अडथळा सोळापट किंवा त्याहून जास्त वाढतो. मोठ्या माणसाला याच विषाणूने, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झाने, फक्त आवाज बसतो. हेच गणित उलटही चालतं. अर्धा मिलिमीटर सूज उतरली तरी मुलाला मोकळं वाटतं. स्टेरॉइड तेवढंच करतं आणि तेवढं पुरतं.

तीव्रता मोजायला वेस्टली स्कोअर आहे. भान, निळेपणा, स्ट्रायडॉर, छातीत हवा किती शिरते आणि कातडी किती ओढली जाते, या पाच गोष्टींचे मिळून १७ गुण. २ पर्यंत सौम्य, ३ ते ७ मध्यम, ८ ते ११ तीव्र, १२ पासून पुढे श्वास बंद पडण्याच्या बेतात. आकडे आठवले नाहीत तर एकच बघा. मूल शांत असताना स्ट्रायडॉर ऐकू येतो का? फक्त रडताना किंवा धावताना येत असेल तर सौम्य. शांत बसलेलं असतानाही येत असेल तर मध्यम किंवा त्याहून पुढचं, आणि ते मूल आज रात्री घरी जाणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. आवाज कमी होणं नेहमी चांगलं नसतं. मूल सुस्त पडत चाललंय, डोळे मिटतंय, छाती कमी हलतेय आणि त्याच वेळी स्ट्रायडॉरही मंद झालाय, तर ते थकलं आहे. आवाज करण्याइतकीही हवा आत जात नाही. घरच्यांना तेव्हा 'झोप लागली, बरं वाटलं' असं वाटतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. क्रूपमध्ये तो आकडा बराच उशिरा पडतो. ९६ दिसतो म्हणून बिनधास्त राहू नका, आणि ९० खाली गेला तर आधीच उशीर झालेला आहे.

स्टेरॉइडचा डोस

क्रूप ठरला की सौम्य असो वा तीव्र, प्रत्येक मुलाला डेक्सामेथासोनचा एक डोस. सौम्यला कशाला, असं वाटू शकतं. कारण रात्र अजून बाकी असते. डोस दिलेली मुलं पुन्हा दवाखान्यात कमी येतात.

प्रमाण दर किलोला ०.६ मिलिग्रॅम, एकदाच, जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम. सौम्य आजारात ०.१५ मिलिग्रॅमनेही काम होतं आणि शहरात अनेक जण तेवढंच देतात. माझं मत असं की पाटणच्या वरच्या वाड्यावस्त्यांतून आलेल्या मुलाला, ज्याला बिघडलं तर परत यायला रात्रीची गाडी मिळणार नाही, पूर्ण ०.६ द्यावं. एका डोसने या मुलांचं नुकसान होत नाही. परिणाम तासा-दोन तासांत दिसू लागतो आणि एक ते तीन दिवस टिकतो. म्हणून दुसरा, तिसरा डोस लिहून द्यायची सवय लावू नका.

तोंडाने द्या. तोंडाने दिलेलं आणि स्नायूत टोचलेलं सारखंच काम करतं, आणि सुई टाळल्याने मूल रडत नाही. सिरप नसेल तर अडून राहू नका. आपल्याकडे मिळणारं डेक्साचं इंजेक्शन एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅमचं असतं. तेच सिरिंजमध्ये भरा, सुई काढा, थोड्या साखरेच्या पाण्यात मिसळून गालाच्या आतल्या बाजूला सावकाश सोडा. चव कडू असते म्हणून साखर लागते. पाव-अर्ध्या तासात उलटी झाली तर डोस पुन्हा द्या. पुन्हाही ओकलं किंवा मूल गिळण्याच्या अवस्थेतच नसेल तर स्नायूत द्या, किंवा बुडेसोनाइड २ मिलिग्रॅम नेब्युलायझरमधून द्या. डेक्सा मुळीच हाताशी नसेल तर प्रेडनिसोलोन दर किलोला १ मिलिग्रॅम चालतं. ते लवकर उतरतं, त्यामुळे त्या मुलाला दुसऱ्या दिवशी परत बघा.

एक मूल, सुरुवातीपासून

दीड वर्षाचा मुलगा, पाटण तालुक्यातल्या एका वाडीतला. वजन गेल्या महिन्यात अंगणवाडीत १० किलो भरलं होतं, कार्डवर लिहिलेलं आहे, म्हणजे काट्यावर ठेवायची गरज नाही. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी आला. दोन दिवस सर्दी, अंग कोमट. अकराच्या सुमाराला भुंकल्यागत खोकला सुरू झाला. आजीने ओवा टाकून वाफ दिली, तेव्हा तो जास्तच रडला. दारातून बघताना आईच्या खांद्यावर डोकं, पण नजर तुमच्यावर. लाळ नाही. शांत असतानाही स्ट्रायडॉर कानाला ऐकू येतो, त्याचे २ गुण. बरगड्यांमध्ये आणि गळ्याच्या खळगीत मध्यम ओढ, २ गुण. आईच्या कडेवरच, पाठीकडून स्टेथोस्कोप लावला तर हवा थोडी कमी शिरतेय, १ गुण. भान चांगलं, निळेपणा नाही. एकूण ५, म्हणजे मध्यम क्रूप. पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस झालेले.

१० किलोला ०.६ ने ६ मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर डेक्सा. १ वाजून ४५ मिनिटांनी आईनेच साखरपाण्यातून पाजलं. तोंडून गेलं, ओकला नाही.

डेक्सा लागू पडेपर्यंतचा तास-दोन तासांचा काळ कसा काढायचा? शांत असतानाही स्ट्रायडॉर आणि ओढ असेल तर अॅड्रिनलिन नेब्युलायझरमधून द्या. आपली नेहमीची एक मिलिलिटरची, एकास हजारची अॅम्प्यूल. प्रमाण दर किलोला अर्धा मिलिलिटर, जास्तीत जास्त ५ मिलिलिटर. या मुलाला ५ मिलिलिटर, म्हणजे पाच अॅम्प्यूल, पाणी किंवा सलाइन न मिसळता. नवीन सिस्टर इथे अडखळतात. पाच अॅम्प्यूल फोडायच्या म्हणजे काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटतं. हे श्वासातून जाणार आहे, शिरेत नाही, हे आधी समजावून सांगा, आणि प्रत्येक अॅम्प्यूलचं लेबल मोठ्याने वाचा. अॅट्रोपिनची अॅम्प्यूल तशीच दिसते आणि बहुधा शेजारच्याच कप्प्यात असते. भरलेल्या सिरिंजवर 'फक्त नेब्युलायझर' अशी पट्टी चिकटवा. मास्क आईने धरायचा.

१ वाजून ५५ मिनिटांनी अॅड्रिनलिन सुरू झालं. सव्वादोनला स्ट्रायडॉर निम्म्यावर, ओढ जवळजवळ गेलेली, मूल आईला पिऊ लागलं. आता वडील म्हणतील, "बरं वाटतंय की, साहेब, जातो आम्ही. सकाळी ऊस भरायचाय." इथे ठाम राहा. अॅड्रिनलिनचा परिणाम दोन तासांत ओसरतो आणि सूज जशी होती तशी पुन्हा येऊ शकते. तोवर डेक्सा लागू झालं पाहिजे. म्हणून अॅड्रिनलिननंतर निदान तीन-चार तास मूल डोळ्यांसमोर ठेवायचं. दर अर्ध्या तासाला केसपेपरवर तीनच गोष्टी लिहा: शांत असताना स्ट्रायडॉर आहे का, ओढ किती, नजर कशी. या मुलाला चार वाजता, अॅड्रिनलिन उतरण्याच्या वेळी, फक्त रडताना आवाज येत होता. सहाला झोपेत श्वास स्वच्छ. म्हणजे डेक्साने काम हातात घेतलं होतं. नऊला बाह्यरुग्ण विभागाची गर्दी सुरू झाली तेव्हा तो घरी गेला.

चार वाजता स्ट्रायडॉर पूर्ण परत आला असता तर? अॅड्रिनलिन पुन्हा तेवढंच, ऑक्सिजन, आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन. दोनदा अॅड्रिनलिन लागलेलं मूल आपल्या छोट्या रुग्णालयात ठेवू नये. सुरुवातीलाच तीव्र असलेल्या मुलाला तर डेक्सा आणि अॅड्रिनलिन देता देताच गाडी बोलवावी. जन्मजात हृदयदोषाचं, रडताना निळं पडणारं मूल असेल, तर अॅड्रिनलिन देण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून घ्या.

काय देऊ नये

वाफेने क्रूप बरा होत नाही. आपल्या घरांत ती पहिली धाव असते, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ धडपडणारं बाळ भाजल्याच्या केसेस आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आजीला रागावू नका. "आजी, वाफेने ही सूज उतरत नाही आणि रडलं की जास्त धाप लागते, म्हणून आता नको," एवढं सांगितलं की त्या ऐकतात. साल्ब्युटामोलचाही उपयोग नाही, ते छातीतल्या नळ्यांवर काम करतं. अँटिबायोटिक नको, आजार विषाणूंचा आहे. खोकल्याची औषधं नकोत, आणि झोप आणणारं काहीही, अगदी प्रोमेथाझिनसुद्धा, मुळीच नको. झोपवलेलं मूल श्वासासाठी धडपडणं सोडून देतं. ताप असेल तर पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम, बस्स.

चित्र जुळत नसेल तेव्हा

डेक्सा आणि अॅड्रिनलिन दोन्हींनी काहीच फरक पडला नाही तर आधी निदानावर शंका घ्या. दोन-तीन दिवस साध्या क्रूपसारखं वागून मग एकदम जोराचा ताप आणि मलूलपणा आला, तर श्वासनलिकेत जंतूंची लागण, म्हणजे बॅक्टेरियल ट्रेकिआयटिस असू शकते. खोकला असतो, लाळ बहुधा नसते, पण मूल फार आजारी दिसतं. त्यालाही नळी आणि अँटिबायोटिक लागतं, म्हणजे मोठं हॉस्पिटल.

ताप नाही, सर्दी नाही, खाता-खेळताना एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून आवाज येतोय, तर शेंगदाणा, हरभरा, चिंचोका असं काही अडकलं आहे असं समजा. आईने प्रत्यक्ष पाहिलेलं नसलं तरी हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. लस न झालेल्या मुलाची मान सुजलेली आणि श्वासाला दुर्गंधी असेल तर घटसर्प मनात आणा. आणि तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला स्ट्रायडॉर असेल तर त्याला क्रूप म्हणून सोडून देऊ नका. तिथे जन्मजात काहीतरी असण्याची शक्यता जास्त, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

घरी पाठवताना

शांत असताना स्ट्रायडॉर नाही, ओढ नाही, पाणी-दूध पितंय आणि अॅड्रिनलिनला चार तास झाले, तर घरी. पण घर कुठे हे विचारल्याशिवाय नाही. रुग्णालयाच्या मागच्या आळीतलं मूल आणि पावसात ओढ्याला पाणी आलं की तुटणाऱ्या वाडीतलं मूल यांना एकच नियम लावू नका. दुसऱ्याला सकाळपर्यंत ठेवा.

केसपेपरवर डेक्साचा डोस आणि वेळ ठळक लिहा, म्हणजे गावातला डॉक्टर पुन्हा टोचणार नाही. घरच्यांना सांगा की भुंकणारा खोकला दोन-तीन दिवस राहील, दुसऱ्या रात्रीही थोडा वाढेल, त्याने घाबरू नये. पण शांत असताना घशातून आवाज, गळ्याखाली खड्डा पडणं, लाळ गळणं, पाणी न पिणं, ओठ निळे पडणं किंवा मूल न उठणं, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. हे आईकडून एकदा म्हणवून घ्या, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे वडिलांना तिथेच ठरवायला लावा. दुसऱ्या रात्री परत आलं तर पहिल्यासारखंच दारातून बघून सुरुवात करा. कालचं निदान क्रूपचं होतं म्हणून आजही तोच आहे असं धरू नका. ताप चढलाय का, मूल मलूल आहे का, लाळ आहे का, हे नव्याने बघा. त्यानंतरच पुढचा डोस ठरवा.